सहकाऱ्याचं नॉमिनेशन कसं लिहावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीच्या वार्षिक उत्कृष्टता पुरस्कारासाठी एखाद्या सहकाऱ्याचं नाव सुचवायचं ठरलं, की फॉर्मवरची एक रिकामी चौकट समोर येते: ‘या व्यक्तीची शिफारस का करत आहात?’ खालची सगळी उत्तरं त्या एका चौकटीबद्दल आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच रचलेलं उदाहरण घेतलं आहे. चाकण किंवा वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारा कारखाना आहे आणि तिथल्या प्रेस शॉपमधल्या सेटरचं नाव सुचवायचं आहे. प्रेसवर एका भागाचं काम संपलं की त्याचा साचा, म्हणजे डाय, उतरवून पुढच्या भागाची डाय चढवावी लागते. हे काम सेटरचं. डाय बदलून नव्या भागाचा पहिला पीस क्वालिटीकडून पास होईपर्यंत मशीन बंद असतं.

समितीला नेमकं काय वाचायचं असतं?

निवड समितीत बहुधा वेगवेगळ्या विभागांची माणसं असतात: अकाउंट्सचं कोणी, एचआरचं कोणी, दुसऱ्या प्लांटचा मॅनेजर. त्यातल्या बऱ्याच जणांनी तुमच्या सेटरला कधी पाहिलेलंही नसतं. प्रत्येक जण आधी एकट्याने सगळे अर्ज वाचतो, गुण देतो आणि मग बैठक होते. त्या बैठकीत तुमच्या उमेदवाराची बाजू कोणीतरी मांडायची असते आणि तुम्ही तिथे नसता.

म्हणून निवेदनाचं खरं काम एवढंच, की समितीतल्या त्या अनोळखी माणसाला कागद न बघता म्हणता येतील अशी दोन-तीन वाक्यं पुरवायची. ‘डाय बदलायला तासाहून जास्त वेळ लागायचा, तो पाऊण तासाच्या आत आला. युक्ती या सेटरची. तो रजेवर असतानाही वेळ तेवढाच राहिला.’ या तीन वाक्यांत तीन प्रश्नांची उत्तरं आहेत: काय बदललं, ते याच माणसामुळे बदललं हे कशावरून, आणि बदल टिकला का. यातलं एक उत्तर जरी गाळलं, तरी चर्चेत तोच प्रश्न पुढे येतो आणि उत्तर द्यायला कोणी नसतं.

मला गौरवपर लिहायला छान जमतं. तसं लिहिलं तर चालेल का?

मानपत्र आणि निरोपसमारंभाचं भाषण लिहिण्याची आपल्याकडे चांगली सवय असते, आणि नॉमिनेशन बिघडतं ते तिथेच. मानपत्र निर्णय झाल्यानंतर वाचलं जातं. ऐकणाऱ्यांना तो माणूस माहीत असतो आणि त्यांना काही ठरवायचं नसतं. नॉमिनेशन निर्णयाच्या आधी वाचलं जातं, तेही ज्याच्यापुढे आणखी पंधरा-वीस अर्ज पडलेत अशा माणसाकडून.

‘अत्यंत मेहनती, मनमिळाऊ, हरहुन्नरी आणि कंपनीवर निस्सीम निष्ठा असणारे व्यक्तिमत्त्व’ हे वाक्य त्या गठ्ठ्यातल्या निम्म्या अर्जांत असतं. ते खोटं असतं असं नाही. पण त्यावरून दोन उमेदवारांत फरक करता येत नाही, म्हणून त्याला गुण मिळत नाहीत. तपासायची एक सोपी पद्धत आहे. वाक्यातल्या नावाच्या जागी तुमच्याच विभागातल्या दुसऱ्या कोणाचं नाव घालून बघा. वाक्य तरीही खरं वाटत असेल, तर ते काढून टाका.

विशेषण पूर्ण टाळायला हवं असंही नाही. फक्त ते कृतीच्या मागून येऊ द्या. ‘डायची उंची सारखी करायला खाली घातलेल्या पट्ट्या पहिल्या प्रयत्नात सरकल्या, तेव्हा त्यांनी टूल रूममध्ये बसून जोडणी बदलली आणि दुसरी चाचणी रविवारी, मशीन रिकामं असताना घेतली’ एवढं लिहिल्यावर ‘चिकाटी’ हा शब्द वाचणारा स्वतःच मनात म्हणतो.

लिहायला बसण्याआधी काय गोळा करायचं?

आधी फॉर्म नीट वाचा. निकष कोणते आहेत आणि कोणत्या निकषाला किती गुण आहेत हे बहुतेक फॉर्मवर किंवा त्यासोबत आलेल्या ई-मेलमध्ये असतं. ‘परिणाम’ला ४० गुण आणि ‘सहकार्य’ला १० गुण असतील, तर निवेदनातली जागाही साधारण त्याच प्रमाणात वाटली पाहिजे. पुरस्काराचा कालावधीही बघून घ्या. काम कितीही चांगलं असलं, तरी ते त्या कालावधीच्या बाहेरचं असेल तर अर्ज छाननीतच बाद होऊ शकतो.

मग नोंदी. आपल्या उदाहरणात प्रेसचं लॉगबुक, शिफ्ट रजिस्टर आणि क्वालिटीच्या पहिल्या पीसच्या मंजुरीची नोंद पुरेशी आहे. मशीन किती वाजता थांबलं आणि पहिला पीस किती वाजता पास झाला, या दोन वेळा मिळाल्या की बाकीचं त्यातून निघतं.

आणि मग माणसं. तिघांशी बोला: उमेदवार स्वतः (नियमात बसत असेल तर), त्याच्या कामाचा रोज फायदा घेणारा एखादा ऑपरेटर आणि जरा लांबचा कोणी, जसं प्रॉडक्शन प्लॅनिंगचा माणूस. उमेदवाराला ‘तुमचं योगदान सांगा’ असं विचारलंत तर बहुतेक वेळा ‘मी काय वेगळं केलं, ड्युटीच आहे ती’ असं उत्तर येतं आणि बोलणं संपतं. त्यापेक्षा असं विचारा:

- आधी नेमकं कुठे अडायचं? कोणत्या डायला सगळ्यात जास्त वेळ जायचा?
- पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा काय फसलं?
- हे करू नका असं कोणी म्हणालं होतं का? का म्हणालं होतं?
- तुम्ही रजेवर असता तेव्हा हे कोण करतं?

निवेदनातला सगळ्यात जिवंत मजकूर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून येतो. चौथ्याचं उत्तर ‘टिकलं का’ या प्रश्नाला पुरावा देतं.

आकडे कसे काढायचे? अंदाजाने लिहिलं तर?

अंदाज लिहू नका. समितीत प्रॉडक्शनचं एक जरी माणूस असलं, तरी ‘५० टक्के सुधारणा’ वाचल्यावर त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘कशाच्या तुलनेत?’ उत्तर कागदावर नसेल, तर बाकीच्या ओळींवरचा विश्वासही कमी होतो.

आधी काय मोजतो आहोत ते ठरवा. डाय बदलण्याचा वेळ म्हणजे जुन्या भागाचा शेवटचा चांगला पीस निघाल्यापासून नव्या भागाचा पहिला चांगला पीस पास होईपर्यंतचा वेळ. फक्त बोल्ट सोडण्या-आवळण्याचा वेळ धरलात तर आकडा गोंडस दिसेल, पण मशीन प्रत्यक्षात किती वेळ बंद होतं हे त्यात येणार नाही.

नंतर कालावधी. बदलाआधीचे तीन महिने आणि बदलानंतरचे तीन महिने घ्या, सगळ्या शिफ्टसह. एखादा चांगला आठवडा निवडून त्याची तुलना एका वाईट आठवड्याशी करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती पकडली जाते. आठवड्याला ९ वेळा डाय बदलत असेल तर तीन महिन्यांत शंभरावर नोंदी होतात. तेवढ्या पुरेत. मधेच कधी डाय तुटली आणि चार तास गेले, तर ती एक नोंद सरासरी बिघडवते. म्हणून सरासरीऐवजी सगळ्या नोंदी लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि बरोबर मधली घ्या. निवेदनात ‘मधली नोंद’ असं स्पष्ट लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. त्याच काळात आणखी काय बदललं? समजा उदाहरणात आकडे असे निघाले. जानेवारी ते मार्च, मधली नोंद ७४ मिनिटं. एप्रिलमध्ये शॉपमध्ये नवी क्रेन बसली. एप्रिल ते जून, ६६ मिनिटं. जुलैमध्ये सेटरने डायखाली पट्ट्या देऊन त्यांची उंची सारखी केली. ऑगस्ट ते ऑक्टोबर, ४१ मिनिटं.

‘७४ वरून ४१, म्हणजे ३३ मिनिटं वाचवली’ असं लिहायचा मोह होतो. पण त्यातली ८ मिनिटं क्रेनची आहेत. सेटरच्या कामाची २५. आठवड्याला ९ बदल धरले तर २२५ मिनिटं, म्हणजे पावणेचार तास मशीन जास्त चालतं. ३३ धरून जवळपास पाच तास होतात आणि ते जास्त भारी वाटतं हे खरं. पण समितीतल्या कोणाला क्रेनची खरेदी आठवली की पाचाचे पावणेचार ते स्वतः करतात आणि मग तुमच्या प्रत्येक ओळीतून काहीतरी वजा करत पुढे वाचतात. क्रेनची ८ मिनिटं तुम्हीच बाजूला काढलीत, तर उरलेल्या २५ वर कोणी बोट ठेवत नाही.

रुपयांत मांडायचं असेल तर मशीनच्या तासाचा दर अकाउंट्सकडून घ्या आणि तो छापायला हरकत नाही ना हे विचारा. दर मिळत नसेल तर तासांवर थांबा.

काम टीमचं होतं. एकाचंच श्रेय कसं लिहायचं?

‘आम्ही’ आणि ‘त्यांनी’ या दोन शब्दांकडे लक्ष ठेवा. नॉमिनेशनमध्ये ‘आम्ही डायची उंची सारखी केली’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला उमेदवाराचा वाटा कळत नाही. उलट सगळं काम ‘त्यांनी एकट्याने’ केलं असं लिहिलं, तर टूल रूमची माणसं दुखावतात. समितीतल्या कोणी टूल रूमला फोन केला तर गोष्ट तिथेच संपते.

मार्ग मधला आहे. बाकीच्यांची कामं त्यांच्या विभागाच्या नावाने एका वाक्यात द्या आणि उमेदवाराने घेतलेले निर्णय वेगळे काढा. वाटा दिसतो तो निर्णयांतून. कोणत्या डायपासून सुरुवात करायची हे कोणी ठरवलं? सैल पट्ट्या सरकल्यावर बोल्टने जोडायचं कोणाला सुचलं? दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरना शिकवायचा आग्रह कोणाचा? या प्रश्नांची उत्तरं उमेदवाराचं नाव घेत असतील, तर पट्ट्या प्रत्यक्षात कोणी कापल्या याने फरक पडत नाही. आणि ती उत्तरं दुसऱ्याच कोणाचं नाव घेत असतील, तर बहुधा नॉमिनेशन त्यांचं व्हायला हवं. नाहीतर पूर्ण टीमचं, तशी वेगळी वर्गवारी असेल तर.

एक पूर्ण नमुना दाखवता येईल का?

वरच्याच आकड्यांवर, सुमारे २०० शब्दांच्या फॉर्मसाठी:

> आमच्या प्रेस शॉपच्या सेटरनी डाय बदलण्याचा वेळ ६६ मिनिटांवरून ४१ मिनिटांवर आणला. त्यामुळे प्रेस आठवड्याला पावणेचार तास जास्त चालते. ही पद्धत आता तिन्ही शिफ्टमध्ये रोजची झाली आहे.
>
> या प्रेसवर १४ डाय चालतात. प्रत्येकीची उंची वेगळी असल्याने दर वेळी रॅम वर-खाली करून सेट करावा लागे आणि क्लॅम्पखाली घालायचे तुकडे शोधावे लागत. दर वेळी हेच होत असल्याने ते गृहीत धरलं गेलं होतं.
>
> सेटरनी स्वतःहून तीन आठवडे प्रत्येक बदलाच्या वेळा टप्प्याटप्प्याने लिहून काढल्या. सगळ्यात जास्त वेळ उंची जुळवण्यात जातो हे त्यातून दिसलं. डायखाली पोलादी पट्ट्या देऊन सगळ्यांची उंची सारखी करण्याची कल्पना त्यांची. पहिल्या चाचणीत सैल पट्ट्या सरकल्या. त्यांनी त्या बोल्टने जोडण्याचा आराखडा दिला, टूल रूमने तो तपासून पट्ट्या बनवल्या आणि जुलैअखेर ११ डाय या पद्धतीत आल्या. उरलेल्या ३ मुळातच जास्त उंच असल्याने त्या जुन्या पद्धतीनेच बसतात.
>
> आकडे लॉगबुकमधील मधल्या नोंदीचे आहेत, सर्व १४ डाय आणि तिन्ही शिफ्ट धरून (एप्रिल–जून आणि ऑगस्ट–ऑक्टोबर). एप्रिलमध्ये नवी क्रेन आल्याने वाचलेली ८ मिनिटं यात धरलेली नाहीत.
>
> सप्टेंबरमध्ये ते दहा दिवस रजेवर असताना दोन ऑपरेटरनी डाय बदलल्या. त्या दिवसांची मधली नोंद ४३ मिनिटं आहे. या दोघांना त्यांनी शिफ्ट संपल्यावर थांबून शिकवलं होतं.

या नमुन्यात काय काम करतं आहे?

पहिला परिच्छेद एकटा वाचला तरी गोष्ट पूर्ण कळते. गठ्ठा वाचताना दमलेला माणूस तेवढंच वाचून गुण देणार असेल, तरी उमेदवाराचं नुकसान होत नाही. ओळख, शिक्षण, कंपनीत किती वर्षं झाली हे पहिल्या ओळीत घालणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण ती माहिती फॉर्मच्या वरच्या रकान्यांत आधीच असते.

दुसऱ्या परिच्छेदात अडचण आली आहे. ती कळल्याशिवाय वाचणाऱ्याला उपायाची किंमत कळत नाही. मात्र ती फक्त तीन वाक्यांत आहे. समस्येचं वर्णन निम्मी जागा खातं आणि उमेदवार शेवटच्या चार ओळींत अवतरतो, हे फार वेळा घडतं.

तीन डाय बसत नाहीत हे मुद्दाम ठेवलं आहे. मर्यादा सांगितल्याने गुण कमी होतील अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ‘सगळ्या डाय झाल्या’पेक्षा ‘१४ पैकी ११, आणि ३ का नाही’ हे जास्त खरं वाटतं, कारण शॉपमध्ये काम असंच होतं. शेवटच्या परिच्छेदातली ४३ मिनिटंही तशीच. ती ४१ पेक्षा थोडी जास्त आहेत, आणि त्यामुळेच ती नोंद कोणी बनवलेली वाटत नाही.

ज्या कामाचे आकडे नसतात त्याचं काय?

पगारपत्रक, सेफ्टी, आयटी सपोर्ट, रिसेप्शन. इथे चांगलं काम म्हणजे काहीच न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते. ‘वर्षभरात एकही चूक नाही’ असं लिहून भागत नाही. समितीला वाटतं, तेच तर अपेक्षित आहे.

अशा वेळी त्या व्यक्तीने कामाच्या पद्धतीत काय बदललं ते शोधा. समजा पगारपत्रक सांभाळणाऱ्या सहकारी पगार बँकेत जाण्याच्या दोन दिवस आधी ओव्हरटाइमची यादी प्रत्येक सुपरवायझरला पाठवून तपासून घेऊ लागल्या. याआधी तक्रारी पगार झाल्यावर यायच्या आणि फरक पुढच्या महिन्यात निघायचा. आता दुरुस्त्या पगाराआधी होतात. इथे मोजण्यासारखं आहेच: पगारानंतर आलेल्या तक्रारी किती होत्या आणि किती उरल्या. ई-मेलच्या इनबॉक्समध्ये ‘ओव्हरटाइम’ शोधून महिन्यावार मोजलं तरी चालतं.

मोजायला खरंच काही नसेल, तर त्या व्यक्तीच्या कामामुळे फरक पडला अशा एका नेमक्या प्रसंगाची तारीख, काय झालं, त्यांनी काय केलं आणि नाहीतर काय झालं असतं हे लिहा. ‘नाहीतर काय झालं असतं’ हा भाग फक्त तुमच्या मनातला नसावा. मागे एकदा तसं घडलं होतं का ते बघा. घडलं असेल तर तोच पुरावा.

सहकारी महिला असेल तर लिहिताना काही वेगळं बघायचं का?

हो, लिहून झाल्यावर एकदा विशेषणं तपासा. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकांच्या जागांसाठी आलेल्या ३०० हून जास्त शिफारसपत्रांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने लहान निघाली, त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्यं जास्त होती, आणि कर्तृत्वापेक्षा कष्टाळूपणावर भर देणारे शब्द अधिक आले होते. लिहिणाऱ्यांत स्त्रियाही होत्या, म्हणजे हे कोणी जाणूनबुजून केलं असेल असं नाही.

आपल्याकडे हेच ‘घर सांभाळून’, ‘सगळ्यांना जोडून ठेवणाऱ्या’, ‘नेहमी हसतमुख’, ‘कधीच नाही न म्हणणाऱ्या’ अशा शब्दांतून येतं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ‘घर सांभाळून’ लिहिताना वाक्याची जागा घरावर खर्च होते आणि पुरस्कार कामाचा आहे. पुरुष सेटरबद्दल ‘संसार सांभाळून त्यांनी डायची उंची सारखी केली’ असं लिहिलं असतं का, एवढं विचारा. नसेल लिहिलं, तर इथेही काढा आणि मोकळी झालेली जागा एखाद्या निर्णयाला द्या.

शब्दमर्यादेत बसत नाही. काय कापायचं?

आधी सुरुवातीची प्रस्तावना कापा. ‘आजच्या स्पर्धेच्या युगात उत्पादकतेला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ यासारखं वाक्य असेल तर ते पहिलं. मग शेवटचं ‘अशा या सहकाऱ्यास पुरस्कार मिळाल्यास आम्हां सर्वांना आनंद होईल’ हे वाक्य. या दोन ठिकाणीच तीस-चाळीस शब्द सुटतात.

तरी जास्त होत असेल तर उमेदवाराची एक गोष्ट पूर्ण ठेवा आणि दुसरी-तिसरी काढून टाका. डाय बदलण्याचं काम, शिवाय रक्तदान शिबिर, शिवाय गणेशोत्सवातला पुढाकार, शिवाय दोन नव्या मुलांना प्रशिक्षण असं सगळं घेतलं की प्रत्येकाला दोन-दोन वाक्यं मिळतात आणि पुरावा कशालाच उरत नाही. फॉर्मवर वेगळा रकाना असेल तर बाकीचं तिथे द्या.

आकड्यांचा स्रोत आणि टिकल्याचा पुरावा मात्र कापू नका. घाईत कात्री तिथेच लागते, कारण ती वाक्यं रूक्ष वाटतात.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

फॉर्मवर भाषेची अट नसेल तर समिती कोणती भाषा सहज वाचते ते बघा. समितीत महाराष्ट्राबाहेरचे, चेन्नईच्या किंवा गुरुग्रामच्या ऑफिसमधले लोक असतील तर इंग्रजी. सगळे इथलेच असतील तर मराठीत लिहिण्यात काही गैर नाही. उलट शॉपमधल्या कामाचं वर्णन मराठीत नेमकं होतं आणि ऑपरेटरचं म्हणणं त्याच्याच शब्दांत देता येतं.

इंग्रजीत लिहायचं असलं तरी आधी मराठीत लिहा आणि मग ते साध्या छोट्या वाक्यांत उतरवा. उलट केलं तर इंग्रजी फॉर्ममध्ये सतत फिरणारे तयार शब्द आधी हाताशी येतात आणि सेटर दिसेनासा होतो.

मशीनच्या भाषेबद्दल एक सूचना. ‘रॅम’, ‘क्लॅम्प’ हे शब्द चालतील, पण अकाउंट्सच्या माणसाला न कळणारे सलग दोन शब्द एका वाक्यात नकोत. लिहून झालं की दुसऱ्या विभागातल्या एकाला वाचायला द्या. कागद बाजूला ठेवून ‘यांनी काय केलं?’ असं विचारा. त्यांना दोन वाक्यांत सांगता आलं तर निवेदन तयार आहे. ते अडले तर अडले ती जागा पुन्हा लिहा.

ज्यांचं नाव सुचवतो आहे त्यांना सांगावं का?

बहुतेक कंपन्यांत बंदी नसते आणि सांगणंच बरं. तारखा, महिने आणि कोणी काय केलं यातल्या चुका त्यांनाच सगळ्यात आधी दिसतात. शिवाय काही जणांना पुरस्कारासोबतचा फोटो, कंपनीच्या अंकातला लेख किंवा स्टेजवर जाणं नको असतं, आणि तो त्यांचा हक्क आहे. गोपनीय ठेवायची अट असेल तर माहिती बाकीच्यांकडून घ्या आणि तुमच्या वरिष्ठांकडून तपासून घ्या.

ग्राहक कंपनीचं नाव, भागाचा क्रमांक, मशीन-तासाचा दर या गोष्टी निवेदनात घालण्याआधी विचारून घ्या. निवड झाल्यावर हाच मजकूर अनेकदा जसाच्या तसा सूचनाफलकावर किंवा कंपनीच्या समाजमाध्यमांवर जातो.

मी त्यांच्या हाताखाली काम करतो. माझ्या शिफारशीला किंमत असते का?

असते, फक्त तुम्हाला जे दिसतं तेच लिहा. वरिष्ठांना निकाल दिसतो, पण पहिली चाचणी फसली तेव्हा सेटर काय म्हणाले आणि रात्रपाळीत फोन केला तर ते कसे समजावतात हे तुम्हालाच माहीत असतं. काम तुमच्या नजरेसमोर झालं तेवढंच ठामपणे लिहा आणि बाकीच्यासाठी ‘प्लॅनिंग विभागाच्या नोंदीनुसार’ असं म्हणा. फॉर्मवर ‘उमेदवाराशी नातं’ असा रकाना असतो, तो खरा भरा. नातेवाईक असाल तर शिफारस दुसऱ्या कोणीतरी करावी.

मागच्या वर्षी निवड झाली नाही. तोच मजकूर पुन्हा पाठवू का?

तोच नको. शक्य असेल तर एचआरकडे विचारा की कोणत्या निकषात गुण कमी पडले. पूर्ण गुणपत्रक मिळत नाही, पण ‘परिणाम स्पष्ट नव्हता’ किंवा ‘एकाच विभागापुरतं वाटलं’ एवढं बहुधा सांगतात.

मग नवा पुरावा जोडा. मागच्या वेळी तीन महिन्यांचे आकडे होते, आता पंधरा महिन्यांचे आहेत, आणि वेळ अजूनही ४१ मिनिटांच्या आसपास असेल तर तो मुद्दा पहिल्या परिच्छेदात घ्या. हीच पद्धत दुसऱ्या प्रेसवर किंवा दुसऱ्या प्लांटमध्ये कोणी उचलली असेल तर तिथल्या सुपरवायझरकडून दोन ओळी आणि त्यांचे आकडे घ्या. वेळ पुन्हा ५५ वर गेला असेल, तर आधी का गेला ते शोधा. पट्ट्यांचे बोल्ट झिजले असतील किंवा शिकवलेले दोन्ही ऑपरेटर दुसऱ्या लाइनला गेले असतील. अशा स्थितीत या वर्षी अर्ज थांबवा, सेटरसोबत तो प्रश्न सोडवा आणि पुढच्या वर्षीच्या नोंदी आतापासूनच एका वहीत ठेवायला सुरुवात करा: तारीख, डाय, शिफ्ट, थांबल्याची वेळ, पास झाल्याची वेळ.